तापी म्हणालात की गिरणा?

पत्रक छापून घेणारा माणूस निघताना हमखास विचारतो, "भाऊ, याने गिऱ्हाईक येईल ना?" जळगावात माझं छोटं प्रेस आहे, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजी आता लगेच ओळखू येते. कागद, छपाई, पेपरात टाकायचा खर्च मिळून लहान दुकानदाराचे चार-सहा हजार सहज जातात. पत्रक वाटून झाल्यावर दोन-चार दिवस गर्दी वाढली तर तो म्हणतो, पत्रक चाललं. नाही वाढली तर म्हणतो, पत्रकात दम नव्हता. गर्दी कशाने वाढली, हे मात्र दोन्ही वेळा कळलेलं नसतं. सण असेल, पगाराचा आठवडा असेल, शेजारचं दुकान बंद असेल.

महाबळ भागात केळीचे वेफर्स विकणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न नेहमीपेक्षा नेमका होता. श्रावण तोंडावर होता, उपवासाच्या वेफर्सना मागणी येणार होती. २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना. पाच पाकिटं एकदम घेणाऱ्याला ती ३०० ऐवजी २४० रुपयांत द्यायची, हे त्यांचं ठरलेलं. अडलं होतं ते पत्रकावर काय लिहायचं यावर. त्यांचे मिस्टर म्हणत होते, "५ पाकिटांवर २०% सूट" असं लिही, सगळे तसंच लिहितात. ताईंना वाटत होतं, "५ पाकिटं घ्या, पैसे ४ चे द्या" असं हवं.

हिशोब करून पाहिला तर दोन्ही एकच. ६० चोक २४०, आणि ३०० मधून २० टक्के गेले तरी २४०च. गल्ल्यात पडणारा रुपया दोन्हीकडे सारखा, फरक फक्त शब्दांचा. अशी जोडी हाती लागणं दुर्मीळ असतं. एरवी दुकानदार "१०० रुपये सूट" आणि "२०% सूट" यांची तुलना करू पाहतात, पण ५०० च्या बिलालाच ती सारखी ठरते. बिल ८०० चं झालं की टक्केवारीवाल्याला १६० मिळतात, आणि मग जास्त माणसं शब्दांमुळे आली की जास्त पैशांमुळे, हे सांगता येत नाही. ताईंकडे पाचच पाकिटांचा एकच बांधलेला भाव होता. मी म्हटलं, ताई, भांडू नका, दोन्ही छापू आणि गिऱ्हाइकालाच विचारू.

विचारायचं म्हणजे समोर उभं करून नव्हे. दोन पत्रकांवर दोन वेगळे कूपन कोड घालायचे आणि काउंटरवर कोणता कोड किती वेळा येतो ते मोजायचं. युक्ती फार जुनी आहे. टपालाने माल विकणारे अमेरिकेतले व्यापारी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी प्रत्येक जाहिरातीतल्या पत्त्यात वेगळा विभाग क्रमांक छापत. तसा विभाग प्रत्यक्षात नसायचाही, पण पाकिटावर कोणता क्रमांक लिहून आलाय यावरून कोणत्या जाहिरातीने ऑर्डर आणली ते कळे. आपल्याकडे टपालाच्या जागी काउंटर आहे, एवढाच फरक.

कोड काय ठेवायचा यावरच आमचा बराच वेळ गेला. मिस्टर म्हणाले, एकाला KELI5 आणि दुसऱ्याला KELI20. हे मला पटलं नाही, कारण कोडमध्येच ऑफर दिसली तर कोडही वाक्याचा भाग होऊन बसतो. शिवाय २० हा आकडा ५ पेक्षा मोठा दिसतो. नुसते अंक घ्यावेत तर "३१" वाचून कुणी ३१ टक्के सूट मागेल. इंग्रजी अक्षरं घ्यावीत तर बी, डी, पी, टी हे गर्दीत काउंटरवरच्या मुलीला एकसारखेच ऐकू येणार. कोड तोंडाने सांगता आला पाहिजे, दोन कोड कानाला एकमेकांपासून लांब असले पाहिजेत, आणि एकाची भुरळ दुसऱ्यापेक्षा जास्त असू नये. शेवटी ताईंनीच सुचवलं, "तापी आणि गिरणा ठेवा ना भाऊ." दोन्ही आपल्या नद्या, दोन्ही नावं घरातली, ऐकताना गोंधळ होण्याचा प्रश्नच नाही. टक्क्यांच्या पत्रकाला तापी, चारच्या पैशांच्या पत्रकाला गिरणा. तापीला भाविक मान जरा जास्त आहे, ही शंका माझ्या मनात राहिली. तिचा बंदोबस्त दुसऱ्या फेरीत केला, तो पुढे सांगतो.

आता माझ्या धंद्यातला भाग. दोन पत्रकं म्हणजे दोन वेळा छपाई आणि दुप्पट प्लेटा, असं बहुतेकांना वाटतं आणि ते तिथेच माघार घेतात. तसं काही लागत नाही. डेमी कागदाच्या एका शीटवर वन-एट साइजची आठ पत्रकं बसतात. आठही जागी एकच मजकूर लावायच्या ऐवजी चार जागी तापी लावलं, चार जागी गिरणा. प्लेट तीच, शाई तीच, मशीनवरचा वेळ तोच. ५०० शीटची एक रीम म्हणजे ४००० पत्रकं, दोन्ही प्रकारची बरोब्बर २०००. खराब जाणाऱ्या शीटसाठी थोडा कागद जास्तीचा घेतला. याचा आणखी एक फायदा असा की छपाई कुठे फिकी पडली तर दोन्ही पत्रकं सारखीच फिकी पडतात.

मजकुरात एक ओळ आणि एक कोड सोडून काहीही बदलू द्यायचं नाही, हे बोलायला सोपं आहे. माझ्याकडे डिझाइन करणारा मुलगा हुशार आहे. "५ पाकिटांवर २०% सूट" ही ओळ आखूड, म्हणून त्याने तिचे टाइप मोठे करून जागा भरून काढली. दिसायला छान दिसलं, पण मोठ्या अक्षरांमुळे माणसं आली की टक्क्यांमुळे, हे मग कोण सांगणार? दोन्ही ओळी एकाच पॉइंट साइजला आणल्या आणि आखूड ओळीच्या बाजूची जागा मोकळीच राहू दिली. वेफर्सचा फोटो, रंग, पत्ता, शेवटची तारीख जिथल्या तिथे तशीच. खाली छिद्रांची रेघ मारून फाडून द्यायचं कूपन ठेवलं, त्यावर कोडचा शब्द.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वाटपात, आणि प्रेसच्या बाहेर होत असल्यामुळे तो कुणाला दिसत नाही. कटिंग मशीनमधून पत्रकं निघतात ती प्रकारवार गठ्ठ्यांनी. हे गठ्ठे तसेच पेपरवाल्यांकडे गेले तर एक गठ्ठा रिंग रोडच्या लाइनवर जाईल आणि दुसरा मेहरुणच्या. मग तुम्ही शब्दांची तुलना करत नसता, दोन वस्त्यांची करत असता. म्हणून प्रेसवर बसून दहा तापी, त्यावर दहा गिरणा, पुन्हा दहा तापी अशी चळत लावली. एकेक आलटून-पालटून लावलं असतं तर अधिक चांगलं, पण पहाटे जिथे पेपरचे गठ्ठे उतरतात तिथे मुलं मूठ भरून पत्रकं उचलतात, आणि दहा-दहाच्या चळतीने प्रत्येक लाइनवर दोन्ही प्रकार जवळपास निम्मे-निम्मे पोचतात. रविवार टाळला. त्या दिवशी पेपरात पत्रकंच इतकी असतात की घरातलं माणूस पुरवणीसकट सगळी एकदम बाजूला ठेवतं.

एकाच दिवशी, एकाच वस्तीत दोन्ही पत्रकं जाणं का महत्त्वाचं, ते श्रावणाने आपोआप समजावलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे घरोघर कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, पाहुणे उतरतात. त्या दिवसांत ताईंच्या दुकानात पत्रकाशिवायही रांग असते. आषाढात एक पत्रक आणि श्रावणात दुसरं वाटलं असतं तर दुसरं जिंकलं असतं, आणि ते श्रावणाचं जिंकणं असतं. दोन्ही एकत्र वाटल्यामुळे कानबाईची गर्दी दोन्ही कोडना सारखीच मिळाली. गर्दीचा परिणाम वजा करावा लागला नाही, तो दोन्ही पारड्यांत बसला.

काउंटरवर ताईंची पुतणी असते. तिच्यापुढे तीन डबे ठेवले. तापीचं कूपन एकात, गिरणाचं दुसऱ्यात. तिसरा डबा मी आग्रहाने ठेवायला लावला. पत्रक न आणता "ऑफर आहे म्हणे" असं म्हणत येणाऱ्या माणसालाही ताई सवलत देणारच होत्या. शेजारी उभ्या असलेल्या बाईला २४० आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला ३००, असं त्या करणाऱ्यातल्या नव्हेत. अशांची चिठ्ठी तिसऱ्या डब्यात, तोंडाने कोड सांगितला असेल तर तोही चिठ्ठीवर लिहून. तिसरा डबा नसता तर गर्दीच्या वेळी या चिठ्ठ्या हाताशी असेल त्या डब्यात पडल्या असत्या. पडताळा रोज रात्री व्हायचा. बिलबुकात २४० ची जितकी बिलं, तितकीच तिन्ही डब्यांतली बेरीज यायला हवी. एका संध्याकाळी ती जुळली नाही, तीन बिलं जास्त निघाली. त्या तिघांना कोणत्याच कोडमध्ये धरायचं नाही असं ठरलं, अंदाजाने वाटून टाकली नाहीत.

पहिले काही दिवस गेल्यावर ताईंचा फोन. "भाऊ, गिरणा १४, तापी ९. झालं ना, माझंच बरोबर." त्यांचा आनंद मला फोनवरही दिसत होता, तरी मी थांबा म्हटलं. यासाठी एक साधा हिशोब मी वापरतो. दोन्ही कोडची बेरीज घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. दोघांतला फरक त्याहून मोठा असेल तरच तो खरा मानायला सुरुवात करायची. १४ आणि ९ मिळून २३, वर्गमूळ पावणेपाचच्या आसपास, दुप्पट साडेनऊ. फरक फक्त ५. नाणं २३ वेळा उडवलं तरी १४-९ असा निकाल सहज पडतो. आणि आकडा आपल्या बाजूने झुकलेला दिसला त्या दिवशी मोजणी थांबवायची, हे तर चालतच नाही. अधूनमधून कधी ना कधी तो कुणाच्या तरी बाजूने झुकलेला दिसतोच. पत्रकावर जी शेवटची तारीख छापली होती, त्याच दिवशी डबे मोजायचे असं आधीच ठरलं होतं.

मधे एक गंमतीची गोष्ट घडली, आणि तीच मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. एका दुपारी एकापाठोपाठ बायका आल्या, कुणाच्याच हातात कागद नाही, सगळ्यांच्या तोंडी "गिरणा". पुतणीने विचारलं तेव्हा कळलं, एका कॉलनीच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पत्रकाचा फोटो टाकला होता. त्या तिसऱ्या डब्यात गेल्या, पुढे अशा १७ झाल्या. ताईंना वाटलं, याही गिरणाच्याच, त्यात मिळवा. पण फोटो टाकणारी बाई एकच होती. तिच्या घरी त्या सकाळी तापी पडलं असतं तर कदाचित याच १७ जणी "तापी" म्हणत आल्या असत्या. या १७ जणींनी वेगवेगळी पत्रकं वाचून आपापला निर्णय घेतलेला नव्हता. कागदाच्या हिशोबात ती एकच घटना धरायला हवी. चारच्या पैशांची ओळ अशी होती की तिला ती पुढे पाठवावीशी वाटली, असंही असू शकेल. पण एका फोटोवरून ते ठरत नाही.

शेवटच्या तारखेला डबे मोजले. गिरणाची कूपनं ४१, तापीची २३. बेरीज ६४, वर्गमूळ ८, दुप्पट १६. फरक १८. शब्दांनी काहीच फरक पडत नसता तर एवढं किंवा याहून जास्त अंतर शंभरात तीन-चार वेळाच पडलं असतं. ताईंची ओळ पुढे होती, आणि हे मी आता निश्चिंतपणे म्हणू शकत होतो.

का पुढे होती, हे डबे सांगत नाहीत. कानावर पडलेलं थोडंफार आहे. अमळनेरकडच्या एक आजी तापीचं पत्रक हातात धरून पुतणीला विचारत होत्या, "वीस टक्का म्हंजे कितला रे भाऊ?" सवयीने मुलीलाही भाऊच. तिने २४० सांगितल्यावर त्यांनी लगेच पाच पाकिटं घेतली. पण त्या दुकानापर्यंत आल्या म्हणून विचारू शकल्या. घरीच पत्रक बाजूला ठेवणाऱ्यांनी काय विचार केला, तो कुणी ऐकलेला नाही. "सूट" म्हटलं की जुना माल काढताहेत अशी शंका येते, असंही एक गिऱ्हाईक बोललं. तळलेल्या खाण्याच्या बाबतीत ही शंका मला खरी वाटते. साड्यांच्या दुकानात ती तशीच लागू होईल असं मात्र मी सांगणार नाही.

मी बिलं पुढे ओढली आणि ताईंना दुसरा प्रश्न विचारला. या ६४ मधले तुमच्या ओळखीचे किती? पुतणीने प्रत्येक कूपनाच्या मागे जुनं गिऱ्हाईक असेल तर बारीक खूण करून ठेवली होती, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. गिरणाच्या ४१ मधले २७ जुने, तापीच्या २३ मधले १५ जुने. म्हणजे ४२ माणसं अशी, जी श्रावणात बहुधा तशीही आली असती. प्रत्येकी ६० रुपयांप्रमाणे २,५२० रुपये त्यांना सोडले गेले. त्यातल्या काहींनी एरवी दोनच पाकिटं घेतली असती आणि आता पाच घेतली, म्हणून ते सगळे वाया गेले असं नाही. तरी पत्रक कशासाठी होतं? नवीन माणूस यावा म्हणून. नवीन आले गिरणाचे १४, तापीचे ८. बेरीज २२, वर्गमूळाची दुप्पट सव्वानऊच्या वर, फरक ६. म्हणजे "कोणत्या ओळीने जास्त कूपनं आणली" याचं उत्तर मिळालं, आणि "कोणत्या ओळीने जास्त नवीन गिऱ्हाईक आणलं" याचं मिळालं नाही. डबे तेच, कूपनं तीच, प्रश्न बदलला की उत्तर डळमळतं.

आणखी एक गोष्ट या पद्धतीत मुळातच मावत नाही. दोन कोड एकमेकांशी तुलना करतात. पत्रक वाटलंच नसतं तर किती माणसं आली असती, हे त्यातून कधीच कळत नाही. त्यासाठी काही लाइनवर पत्रक न टाकता तिथून किती लोक येतात ते पाहावं लागतं, आणि गिऱ्हाइकाला पत्ता विचारत बसणं काउंटरवर जमत नाही. ताईंना मी हे स्पष्ट सांगितलं, कारण पुढच्या वेळी "पत्रकामुळे ६४ गिऱ्हाइकं आली" असं त्या कुणाला सांगतील अशी मला धास्ती होती.

दुसरी फेरी नवरात्रात केली, तेव्हाही उपवासच. या वेळी दोन बदल. कोड उलटे केले, टक्क्यांना गिरणा आणि चारच्या पैशांना तापी. नदीच्या नावाचा काही प्रभाव असेल तर तो आता उलट बाजूने दिसला असता. आणि ४००० पत्रकं महाबळला न टाकता रेल्वे लाइनीपलीकडे पिंप्राळ्याला टाकली, जिथे ताईंची जुनी गिऱ्हाइकं थोडी. लांबच्या वस्तीतून कूपनं कमी येणार हे उघड होतं. चारच्या पैशांची १९ आली, टक्क्यांची ११. एकट्या या फेरीवर काही ठरत नाही, पण नाव बदलूनही झुकाव त्याच बाजूला राहिला. दोन्ही फेऱ्या मिळून ६० विरुद्ध ३४, फरक २६, आणि वर्गमूळाची दुप्पट साडेएकोणीसच्या आत. आता शंका राहिली नाही.

नव्या माणसांचा आकडा दोन्ही फेऱ्या मिळून ३० विरुद्ध १७. फरक १३, हवा होता पावणेचौदा. अगदी काठावर. ताईंच्या मिस्टरांनी, ज्यांची ओळ मागे पडली होती त्यांनीच, सुचवलं की इथे थांबू नका, अजून एकदा करा. काठावरचा आकडा पाहून फेरी वाढवत गेलं की कधीतरी मनासारखं येतंच, म्हणून या वेळी अट आधी लिहून ठेवली. एकच फेरी, दोन रीम म्हणजे ८००० पत्रकं, शिव कॉलनी आणि रामानंद नगर, आणि निकाल फक्त त्या फेरीतल्या नव्या गिऱ्हाइकांवर. जुने आकडे त्यात मिळवायचे नाहीत. महाबळच्या काउंटरवरच्या फलकावर ताईंनी तोवर चारच्या पैशांची ओळ लावून टाकली आहे, कारण तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांपुरता प्रश्न सुटलेला आहे. दोन रीमचा कागद माझ्याकडे येऊन पडलाय. कोड या वेळी वाघूर आणि पांझरा.